पाठीवर सॅक, पायात काय?

रतनवाडीतून रतनगड चढायचा, कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे उतरायचं, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठायचा आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला यायचं. दोन-तीन दिवसांच्या या ट्रेकला तंबू, शिधा आणि पाणी धरून सॅक सहज पंधरा किलोंवर जाते. मग घोटा झाकणारे उंच बूट घ्यावेत की आखूड ट्रेल शूज?

‘उंच बूट घे, घोटा सांभाळला जाईल,’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेत 1993 साली बास्केटबॉल खेळाडूंवर एक अभ्यास झाला. उंच आणि आखूड बूट घालणाऱ्यांच्या घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. डोंगर म्हणजे बास्केटबॉलचं मैदान नव्हे, हे खरं. तरीही घोट्याभोवतीच्या मऊ कापडावर विसंबू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

पाय खरा सावरतो तो तळवा आणि टाच. सुट्या दगडावर पाऊल तिरकं पडलं, की पाठीवरचं ओझं त्याच बाजूला झुकतं. अशा वेळी तळवा पिळवटला, तर घोटाही त्याच्याबरोबर कलंडतो. म्हणून दुकानात बुटाची टाच आणि चवडा धरून तो ओल्या फडक्यासारखा पिळून पाहावा. सहज पिळला गेला, तर जड सॅकसाठी तो कामाचा नाही. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये.

मग सरळ जाडजूड बूटच का घेऊ नयेत? कारण पायातलं वजन फार महाग पडतं. पायातल्या एका किलोला पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकी शक्ती लागते, असं मोजमापांत आढळलं आहे. त्यामुळे सॅक दहा किलोंच्या आत, वाट मळलेली आणि पायांना डोंगराची सवय असेल, तर ट्रेल शूजच बरे. ओझं पंधरा किलोंवर आणि घसाऱ्याची उतरण असेल, तर ताठ तळव्याचे बूट घ्यावेत.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून घ्यावं. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवला, की टाचेमागे एक बोट मावायला हवं. ती जागा नसेल, तर कात्राबाईच्या उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. उलट, चढताना टाच उचलली जात असेल, तर तिथे फोड ठरलेलाच.

चामड्याचे बूट पायात बसायला काही आठवडे लागतात. आधी ते घरात वापरावेत, मग रस्त्यावर, त्यानंतर सिंहगडासारख्या जवळच्या गडावर आणि शेवटी त्याच गडावर भरलेल्या सॅकसह. ही शेवटची फेरी टाळू नये, कारण ओझ्याखाली पाऊल पसरतं आणि रिकाम्या पाठीने न बोचणारी शिवण तेव्हा बोचू लागते. कातडी एका जागी गरम लागली, की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी.

निघायच्या आठवड्यात घेतलेले कोरे बूट मात्र घरीच ठेवावेत आणि सवयीचे, तळवा शाबूत असलेले जुने बूट घालून निघावं.