सेप्टिक टाकीच्या विटा व गिलावा : तीन घेरांचा हिशेब

मालवणच्या किनारपट्टीवर देवबाग, तारकर्ली यांसारख्या वाळूच्या गावांत सेप्टिक टाकीचे काम अर्धवट थांबणे महाग पडते. खणलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळाशी पाणी भरते, आणि कमी पडलेल्या विटांसाठी गाडी पुन्हा बोलवावी लागते. विटा कमी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे टाकीच्या आतल्या मापांवरून थेट काढलेला हिशेब होय. आतली मापे हाती असली, तरी विटा, आतला गिलावा व बाहेरचा गिलावा यांसाठी तीन निरनिराळे घेर धरावे लागतात. ते कसे धरावेत, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

उदाहरणातील टाकी

सुमारे दहा माणसांच्या घरासाठी, दरवर्षी गाळ काढण्याच्या बेताने, आतून २.० मीटर लांब व ०.९ मीटर रुंद टाकी घेऊ. पाण्याची खोली १.० मीटर व वर मोकळी जागा ०.३ मीटर, म्हणजे भिंतीची उंची १.३ मीटर झाली. भिंत एका विटेच्या जाडीची, म्हणजे २३ सेंटिमीटरची आहे. तळाचे काँक्रीट व वरचे झाकण यांचा हिशेब वेगळा करावा.

विटांसाठी मध्यघेर

आतला घेर लांबी व रुंदी यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे ५.८० मीटर येतो. परंतु भिंतीला जाडी असते. आतल्या घेराने मोजल्यास चारही कोपऱ्यांतील विटा हिशेबातून गळतात, तर बाहेरच्या घेराने मोजल्यास त्याच कोपऱ्यांतील विटा दोनदा मोजल्या जातात. म्हणून भिंतीच्या जाडीच्या मध्यावरून जाणारी रेषा धरावी. त्यासाठी आतल्या लांबीत व रुंदीत प्रत्येकी एक जाडी मिळवावी. लांबी २.२३, रुंदी १.१३ आणि मध्यघेर ६.७२ मीटर झाला. त्याला उंचीने गुणल्यास भिंतीचे क्षेत्र ८.७४ चौरस मीटर येते.

आता एका चौरस मीटरला विटा किती, हे पाहू. वीट २३ × ११ × ७.५ सेंटिमीटरची व सांधा १ सेंटिमीटरचा धरला आहे. विटेचे आखूड तोंड दर्शनी ठेवले, तर सांध्यासह ती १२ × ८.५, म्हणजे १०२ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. लांब बाजू दर्शनी ठेवली, तर २०४ चौरस सेंटिमीटर जागा व्यापली जाते, पण तिच्या मागे दुसरी वीट लागते. दोन्ही प्रकारांत हिशेब एकच येतो : चौरस मीटरला ९८ विटा. ८.७४ ला ९८ ने गुणून सुमारे ८५६ विटा झाल्या. तुटफुटीसाठी शेकडा ५ मिळवून ९०० विटा मागवाव्यात.

आतल्या घेराने हिशेब केला असता ७३९ विटाच निघाल्या असत्या. म्हणजे भिंतीतच ११७ विटांची तूट आली असती. वीट निराळ्या मापाची असेल, तर आधी दहा विटा ओळीने लावून सरासरी माप घ्यावे व ९८ चा आकडा नव्याने काढावा.

सांध्यांचा मसाला

भिंतीचे घनफळ ६.७२ × ०.२३ × १.३, म्हणजे २.०१ घनमीटर आहे. त्यांपैकी ८५६ विटांचे स्वतःचे घनफळ १.६२ घनमीटर. उरलेले ०.३९ घनमीटर मसाल्याने भरायचे असते. विटांचे खळगे व सांडलवंड यांसाठी ते ०.४४ धरावे. ओला मसाला दबून बसतो, म्हणून कोरडा माल एकतृतीयांश अधिक, म्हणजे ०.५९ घनमीटर लागतो. एक भाग सिमेंट व चार भाग वाळू या प्रमाणात त्याचा पाचवा हिस्सा सिमेंट. पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे ०.०३५ घनमीटर सिमेंट मावते. यावरून ३.४ पोती सिमेंट व ०.४७ घनमीटर वाळू लागेल.

गिलाव्यासाठी आतला व बाहेरचा घेर

गिलावा पृष्ठभागावर बसतो, म्हणून येथे मध्यघेर चालत नाही. आतल्या बाजूस ५.८० मीटर घेर व १.३ मीटर उंची धरून ७.५४ चौरस मीटर, आणि तळाचे १.८० चौरस मीटर, असे एकूण ९.३४ चौरस मीटर होतात. थर १२ मिलिमीटरचा आणि सांध्यांतील खाचांसाठी शेकडा २० अधिक धरल्यास ०.१३४ घनमीटर ओला व सुमारे ०.१८ घनमीटर कोरडा माल लागतो. एकास तीन प्रमाणात सिमेंट १.३ पोती येते.

जेथे पावसाळ्यात जमिनीतील पाणी टाकीच्या भिंतीपर्यंत चढते, तेथे बाहेरूनही गिलावा हवा. त्यासाठी बाहेरचा घेर ७.६४ मीटर धरावा. तो आतल्यापेक्षा १.८४ मीटरने मोठा आहे. क्षेत्र ९.९३ चौरस मीटर येऊन आणखी सुमारे १.४ पोती लागतात. आतल्या गिलाव्यापुरते पाच पोती, तर दोन्ही बाजूंसाठी सात पोती सिमेंट आणून ठेवावे.

गिलाव्यामुळे आतली मापे २.४ सेंटिमीटरने घटतात. एक मीटर पाण्याच्या खोलीत सुमारे ६९ लिटर जागा त्यामुळे जाते. तयार टाकी ठरल्या मापाचीच हवी असल्यास, बांधकामाची लांबी व रुंदी प्रत्येकी २.५ सेंटिमीटर वाढवून मग सारा हिशेब करावा.

चिरा व वाळू

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असली, तरी रीत तीच. मात्र चिऱ्याची जाडी प्रत्यक्ष मोजून २३ च्या जागी घालावी. चिऱ्यात नैसर्गिक छिद्रे असतात व त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून गिलाव्याचा माल अधिक धरावा. समुद्राची खारी वाळू वापरू नये. मिठाने पांढरे क्षार फुटतात व गिलावा सुटतो. गिलावा मुरल्यावर टाकी पाण्याने भरून पातळीवर खूण करावी. दिवसभरात पाणी खुणेखाली उतरले, तर गळती आहे असे समजून ती आधी बुजवावी.

शोषखड्ड्याचा फरक

शोषखड्ड्यात गिलावा मुळीच नको. पाणी बाहेर झिरपलेच पाहिजे. आतून १ मीटर व्यासाचा, १.५ मीटर खोल खड्डा अर्ध्या विटेच्या, म्हणजे ११ सेंटिमीटर जाडीचा असेल, तर व्यास १.११ मीटर धरून मध्यघेर ३.४९ मीटर येतो. मसाल्याविना थर लावून शेजारच्या दोन विटांत ३ सेंटिमीटर फट ठेवल्यास एका थरात १३.४ विटा बसतात. असे २० थर, म्हणजे २६८ विटा व तुटफुटीसह सुमारे २८० विटा लागतील.

मात्र पावसाळ्यात विहिरीतील पाणी जमिनीच्या जवळ येते तेथे असा खड्डा भूजलातच बुडतो व सांडपाणी उलट फिरते. पिण्याच्या पाण्यापासून तो निदान १८ मीटर दूर असावा. जाड वाळूतून पाणी न गाळता वाहते, म्हणून तेथे याहून अधिक अंतर ठेवावे. विटांची मागणी करण्यापूर्वी भर पावसाळ्यातील विहिरीची पातळी शेजाऱ्यांकडून विचारून घ्यावी. त्यावरच खड्डा खोल घ्यावा की नाही, हे ठरते.