गाडीचा जंप स्टार्टर आणि मोबाइलची पॉवर बँक

बॅटरी उतरलेली मोटार सुरू करून देणारा जंप स्टार्टर हातात घेतला तर तो जाडसर पॉवर बँकेसारखाच वाटतो. त्यावर मोबाइल चार्ज करण्यासाठी यूएसबीचे तोंड असते, चार्ज किती उरला ते दाखवणारे चार दिवे असतात, आत लिथियम सेल असतात आणि वेष्टणावर क्षमता एमएएचमध्येच छापलेली असते. बऱ्याच घरांत तो पॉवर बँक म्हणून वापरलाही जातो. फरक सुरू होतो तो एका बाजूला रबरी टोपणाखाली झाकलेल्या जाड सॉकेटपाशी. लाल आणि काळे चिमटे असलेली केबल त्या सॉकेटात बसते आणि तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह बाहेर पडू शकतो.

दोन्ही वस्तूंत साठलेली ऊर्जा जवळपास सारखीच असते. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे 37 वॉट-तास ऊर्जा मावते. 12,000 एमएएच असे लिहिलेल्या जंप स्टार्टरमध्ये साधारणपणे 4,000 एमएएचचे तीन सेल असतात आणि तिघांची मिळून ऊर्जा भरते सुमारे 44 वॉट-तास. आता गाडीला किती लागते ते पाहू. लहान पेट्रोल हॅचबॅकची सेल्फ मोटर इंजिन फिरवताना साधारण 150 अँपिअर ओढते आणि त्या वेळी व्होल्टेज 10च्या आसपास येते. म्हणजे 1,500 वॉट. इंजिन तीन सेकंदांत सुरू झाले तर खर्च होते केवळ सव्वा वॉट-तास. एवढी ऊर्जा पॉवर बँकेतही सहज असते. पण 15 वॉटने वीज देणाऱ्या पॉवर बँकेला ती बाहेर काढायला पाच मिनिटे लागतील. सेल्फ मोटरला ती तीन सेकंदांतच हवी असते. जंप स्टार्टरचे सारे वेगळेपण या वेगात आहे आणि तो जपून हाताळावा लागतो तोही या वेगामुळेच.

हा वेग सेलच्या अंतर्गत रोधावर ठरतो. पॉवर बँकेतल्या दंडगोल सेलचा रोध साधारण 40 मिलिओहम धरला आणि त्यातून 150 अँपिअर नेऊ पाहिले, तर 6 व्होल्ट सेलच्या आतच खर्च व्हायला हवेत. पूर्ण भरलेल्या सेलकडे मुळात 4.2 व्होल्टच असतात. म्हणजे इतका प्रवाह त्यातून निघूच शकत नाही. जंप स्टार्टरचे सेल चपटे, पाकिटासारखे असतात. त्यांतल्या विद्युतअग्रांवरचे थर पातळ आणि संख्येने जास्त असतात, वीज बाहेर आणणाऱ्या पट्ट्या रुंद असतात, त्यामुळे रोध दोन-तीन मिलिओहमपर्यंत खाली येतो. त्याची किंमत म्हणजे त्याच आकारमानात थोडी कमी ऊर्जा मावते. फक्त मोबाइल चार्ज करायचा असेल तर म्हणूनच जंप स्टार्टर घेण्यात शहाणपणा नाही.

सेलची जोडणीही वेगळी असते. पॉवर बँकेत सेल बहुधा समांतर जोडलेले असतात, त्यांचे व्होल्टेज 3.7च्या आसपास राहते आणि एक छोटे मंडळ ते 5 व्होल्टपर्यंत किंवा गरजेप्रमाणे त्याहून वर नेते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की हेच मंडळ पुरवठा तोडते. जंप स्टार्टरमध्ये तीन सेल एकापुढे एक जोडून पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट मिळवलेले असतात. त्याच्या यूएसबीच्या तोंडामागे पॉवर बँकेसारखेच नियंत्रण असते, पण जाड सॉकेटकडे जाणारी वाट जवळजवळ थेट असते. तिथे प्रवाह आवरणारे काही ठेवले तर गाडीच सुरू होणार नाही. साहजिकच ही दोन टोके पान्याने किंवा एकमेकांना टेकलेल्या चिमट्यांनी जोडली गेली, तर प्रवाहाला अडवायला सेलचा आणि तारांचा जेमतेम 12 मिलिओहम रोध उरतो. हिशेब केला तर प्रवाह हजार अँपिअरच्या घरात जातो. पान्याचा धातू वितळायला आणि सेल पेट घ्यायला तेवढा पुरे. सॉकेटवरचे ते रबरी टोपण म्हणूनच हरवू देऊ नये.

चांगल्या जंप स्टार्टरमध्ये संरक्षण बसवलेले असते ते चिमट्यांच्या केबलवरच्या छोट्या डबीत. ही डबी आधी पाहते की समोर बॅटरीचे व्होल्टेज आहे का, आणि चिमटे उलटे तर लागले नाहीत ना. सगळे ठीक असेल तरच हिरवा दिवा लागतो आणि आतला रिले वाट मोकळी करतो. डबी नसलेल्या साध्या केबलचे चिमटे सॉकेटात बसवल्यापासूनच जिवंत असतात. विकत घेताना वेष्टणावरच्या मोठ्या ‘पीक अँपिअर’ आकड्यापेक्षा या डबीकडे पाहावे. तो आकडा क्षणभराचा असतो. सेल्फ फिरत असताना सतत मिळणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी गाडी उभी करताना मागचे दार नीट लागले नाही. आतला 5 वॉटचा दिवा सुमारे 0.4 अँपिअर ओढत राहिला आणि सोमवारी सकाळपर्यंतच्या साठेक तासांत 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून 24 अँपिअर-तास निघून गेले. किल्ली फिरवली की डॅशबोर्ड मंद उजळतो आणि सेल्फकडून नुसती टकटक ऐकू येते. बॅटरी रिकामी होत आली आहे, पण मेलेली नाही. जंप स्टार्टर याच अवस्थेसाठी असतो.

आधी किल्ली बंद करावी. दिवे, एसी, रेडिओ सगळे बंद आहे ना ते पाहावे. जंप स्टार्टर निम्म्याहून जास्त भरलेला असावा. केबल सॉकेटात घट्ट बसवून लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला. माहितीपुस्तिकेत क्रम वेगळा दिला असेल तर तोच पाळावा. काळा चिमटा दूर लावण्याला कारण आहे. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले तरी तो पेटू शकतो आणि ठिणगी उडते ती शेवटचा चिमटा लावतानाच. टोकांवर पांढरट-हिरवट क्षार जमले असतील तर चिमटा हलवून धातूवर नीट बसवावा, नाहीतर तिथेच उष्णता होते.

हिरवा दिवा लागला की सेल्फ मारावा, पण तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नाही. या मर्यादेमागे साधे गणित आहे. 150 अँपिअरला तीन सेलमध्ये मिळून सुमारे 200 वॉट उष्णता तयार होते. तीन सेकंदांत पाव किलो वजनाचे सेल दोन-तीन अंशांनीच तापतात. सेल्फ अर्धा मिनिट धरून ठेवला तर हीच वाढ पंचवीस अंशांच्या जवळ जाते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. त्यामुळे 300 अँपिअर ओढणाऱ्या डिझेल इंजिनाला सात-आठ सेकंदांतच तेवढी वाढ होते, आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर तापमान त्याहूनही वर जाते. एका प्रयत्नानंतर अर्धा ते एक मिनिट थांबावे. तीन-चार प्रयत्नांत इंजिन लागले नाही तर दोष इंधनात, सेल्फमध्ये किंवा वायरिंगमध्ये असू शकतो. तिथे जंप स्टार्टर शिणवून उपयोग नाही.

इंजिन सुरू झाल्यावर मात्र घाई करावी. अल्टरनेटर सुरू होताच गाडीचे व्होल्टेज 14च्या वर जाते आणि जंप स्टार्टरचे सेल 12.6 व्होल्टच्या वर भरायचे नसतात. उलट प्रवाह रोखण्याची सोय केबलमध्ये नसेल तर गाडी या सेलना बेसुमार चार्ज करू लागते. अति चार्ज झालेला लिथियम सेल आतून वायू सोडतो, फुगतो आणि पुढे स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत पेटू शकतो. बहुतेक माहितीपुस्तिकांत अर्ध्या मिनिटाच्या आत जोडणी काढायला सांगितलेले असते ते यासाठी. आधी केबल जंप स्टार्टरमधून ओढून घ्यावी, मग काळा चिमटा, मग लाल.

कधी कधी हिरवा दिवा लागतच नाही. बॅटरी इतकी उतरलेली असते की डबीला तिचे व्होल्टेज जाणवत नाही. अशा वेळेसाठी ‘बूस्ट’ लिहिलेले बटण असते. ते दाबल्यावर डबी तपासणी न करता वाट मोकळी करते आणि उलट जोडणीपासूनचे संरक्षणही त्या वेळी बहुधा बंद असते. म्हणून बटण दाबण्याआधी दोन्ही चिमटे पुन्हा डोळ्यांनी पाहावेत. बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा आम्ल गळत असलेली असेल तर हे बटण वापरूच नये. आतून शॉर्ट झालेली बॅटरी जंप स्टार्टरचा सगळा प्रवाह स्वतःच गिळते आणि इंजिन फिरतही नाही. बारा व्होल्टचा जंप स्टार्टर चोवीस व्होल्टच्या ट्रकला किंवा बसला लावू नये, हेही इथेच सांगायला हवे.

जंप स्टार्टर वर्षातून एकदा लागतो आणि उरलेले सर्व दिवस गाडीत पडून असतो. त्याचे जास्त नुकसान होते ते याच काळात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान 60च्या वर आणि डॅशबोर्डवर त्याहूनही जास्त असते. पूर्ण भरलेला सेल अशा उष्णतेत झपाट्याने म्हातारा होतो. उन्हाळ्यात तो घरी ठेवावा, ते जमत नसेल तर निदान सीटखाली सावलीत. उलट वर्षभर चार्जच केला नाही तर एकापुढे एक जोडलेल्या सेलपैकी कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि पुढच्या चार्जिंगला बाकीच्यांबरोबर राहत नाही. समांतर जोडणीत सेल एकमेकांना आपोआप सांभाळून घेतात. इथे ते काम मंडळाला करावे लागते आणि स्वस्त वस्तूत ते मंडळच नसते. दर तीन महिन्यांनी चार्ज तपासावा. चार्जिंग जागेपणी, फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर करावे.

सेल बिघडल्याची खूण कवचावर दिसते. शिवण उघडू लागते, सपाट ठेवलेली वस्तू डुगडुगते, गोडसर रसायनासारखा वास येतो किंवा चार्ज करताना ती हाताला चटका देते. अशी वस्तू पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, उघडू तर मुळीच नये. ती घराबाहेर, सिमेंटच्या मोकळ्या जागेत ठेवावी. धूर निघाला तर दूर व्हावे, कारण त्यात विषारी वायू असतात, आणि अग्निशमन दलाला कळवावे. निकामी झालेला जंप स्टार्टर कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तो उत्पादकाच्या किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा आणि देण्यापूर्वी सॉकेटच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.