चोपन्न गुणांचा बायोडेटा

"मामा, बघ ना, चोपन्नच आले." भाचीने मोबाइल पुढे केला. नोकरीची जाहिरात आणि स्वतःचा बायोडेटा तिने एका संकेतस्थळावर टाकला होता. दोन्ही किती जुळतात याचे तिथे शंभरपैकी गुण मिळतात. खाली न सापडलेले शब्द लाल रंगात होते: जीएसटी रिकन्सिलिएशन, व्हेंडर लेजर, टीडीएस, सॅप. "टाकून देऊ का सगळे?"

मी म्हटलं, आधी एकेका शब्दापुढे तू खरंच काय करतेस ते सांग.

ती एका छोट्या कारखान्याचे हिशेब सांभाळते. बायोडेटात एवढंच लिहिलेलं: 'हिशेबाची सर्व कामे पाहिली.' विचारल्यावर कळलं, की दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी आलं, की ती खरेदीची शे-सव्वाशे बिलं त्याच्याशी ताडून बघते. पुरवठादाराने एखादं बिल दाखवलेलंच नसेल, तर त्याला फोन करते. कारण २बीमध्ये न दिसलेल्या बिलावरच्या कराची वजावट कारखान्याला घेता येत नाही. अगं, हेच तर जीएसटी रिकन्सिलिएशन! नवी ओळ झाली: 'दरमहा १०० ते १२५ खरेदी बिलांचं जीएसटीआर-२बीशी रिकन्सिलिएशन, तफावतींचा पुरवठादारांकडे पाठपुरावा.' व्हेंडर लेजरचंही तसंच निघालं. काम होतं, फक्त ती त्याला 'पार्टीचं खातं जुळवणं' म्हणायची.

टीडीएसपाशी मात्र अडलो. कपातीच्या नोंदी ती करते, चलन ती भरते, पण तिमाही विवरणपत्र सीए दाखल करतात. 'टीडीएस फाइलिंग' लिहिलं असतं तर गुण तेवढेच वाढले असते आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ती अडकली असती. म्हणून 'टीडीएस नोंदी व चलन भरणा. विवरणपत्रासाठी सीएंना माहिती पुरवणे' असं लिहिलं. शब्द आला, क्रियापद खरं राहिलं. सगळी मेख या क्रियापदात असते.

सॅप तिने पाहिलेलंही नाही. काम टॅलीवर चालतं, म्हणून टॅलीच लिहिलं. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती कुणीतरी तिला सांगितली होती. पण फाइलमधला मजकूर वेगळा काढला, की ती अक्षरं इतरांसारखीच दिसतात.

एक शंका उरली होती. एक्सेल बायोडेटात असूनही ते लाल का? सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या आणि एक्सेल गायबच. कौशल्यांची ती चौकट चित्र म्हणून चिकटवलेली होती. रकाने काढून साधी मांडणी केली.

हे गुण त्या संकेतस्थळाचे. कंपनीची गाळणी वेगळी असू शकते, त्यामुळे शंभराचा हट्ट धरला नाही. पुन्हा तपासलं तेव्हा ७८ आले. सॅप अजून लालच होतं. अर्ज तसाच पाठवला.