पासबुकातले चौदा महिने

एजन्सीचा अहवाल आला तो लाल शेरा घेऊनच. चाकणच्या आमच्या कारखान्यात स्टोअर इन्चार्ज हवा होता. तीन मुलाखतींनंतर ज्याच्यावर एकमत झालं, त्याच्याच नावापुढे ‘नोकरीची माहिती जुळत नाही’. बायोडेटात एका मोठ्या कंपनीत मार्च 2019 ते जून 2022 अशी सलग नोकरी. कंपनी म्हणते, मे 2020 ते एप्रिल 2022.

लाल दिसलं की प्लँटवाले म्हणतात, दुसरा बघा. मी आधी पीएफचं पासबुक मागवते. यूएएन एकच असला तरी प्रत्येक मालकाकडचा मेंबर आयडी वेगळा असतो, त्यामुळे वर्गणी कोण भरत होतं ते तिथे कळतं. याचे पहिले चौदा महिने एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर निघाले. गेट तेच, रॅकही तेच, हजेरीपत्रक तेवढं दुसऱ्याचं. ‘कुठे होतास?’ म्हटल्यावर असा माणूस कंपनीचंच नाव सांगणार. पण शेवटची वर्गणी खरोखरच एप्रिल 2022 ची होती. म्हणजे एकाच शेऱ्याखाली दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मी त्याला फोन केला. “दोन ठिकाणी तारखा जुळत नाहीत, मेलवर पाठवते. तीन दिवसांत तुमचं म्हणणं आणि असतील ते कागद द्या.” दुसऱ्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपावत्या आणि कंपनीचा गेटपास आला. मे-जूनबद्दल मात्र ओळभरच: “मॅडम, वडिलांचं ऑपरेशन होतं. गॅप दिसला की बोलावत नाहीत, म्हणून जून लिहिलं.” हॉस्पिटलचे कागद मी मागितले नाहीत; ते बघून माझा निर्णय बदलणार नव्हता.

त्याने अजून राजीनामा दिला नव्हता, म्हणून सध्याच्या कंपनीत फोन करायचा नव्हता. जुन्या सुपरवायझरना गाठलं, तेही कंपनीच्या बोर्ड नंबरवरून; उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर कोण बोलतंय याची खात्री नसते. ‘माणूस कसा आहे?’ला ‘चांगला आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. मी विचारलं, “स्टॉक मोजताना फरक आला तर काय करायचा?”

“दोनदा मोजायचा, मग माझ्याकडे यायचा. एकदा बेअरिंगची पेटी कमी भरली, तर स्वतःच्याच नोंदीतली चूक दाखवली त्यानं.”

ठेकेदारीचा मुद्दा मी खोडला. जून मात्र जाणूनबुजून लिहिलेला होता, तो फाइलमध्ये तसाच नोंदवला. प्लँट हेड अडून बसले, “आज तारीख, उद्या स्टॉक.” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण आम्ही पाच वर्षांचा अनुभव मागितला होता. ते दोन महिने वजा करूनही त्याचा सहाच्या वर भरत होता. त्या दोन महिन्यांच्या जोरावर तो पात्र ठरला असता, तर मीही थांबले असते.

दुरुस्त केलेल्या फॉर्मवर त्याने पुन्हा सही केली, मग ऑफर गेली. आमच्या फॉर्मात ‘पगार कोण देत होतं?’ हा रकानाच नव्हता. तो आता घातलाय.