बिलातून जीएसटी वजा करायचा नसतो, भागायचा असतो

सफाळे स्टेशनबाहेरच्या बाजारातल्या घरगुती खरेदीची बिलं सध्या मी एका शीटमध्ये भरतोय. प्रश्न साधा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण अशा रोजच्या वस्तू १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. मग दुकानदाराने ही कपात गिऱ्हाइकापर्यंत पोचवली की मधल्यामध्ये ठेवून घेतली? याचं उत्तर द्यायचं तर कर वगळून मूळ किंमत आधी किती होती आणि नंतर किती झाली, हे कळायला हवं. पण किराणा दुकानाच्या बिलावर बहुतेक वेळा करासकट रक्कमच असते. छापील एमआरपीसुद्धा सगळे कर धरूनच असते. म्हणजे उलट गणित करणं आलं.

इथेच बरेच जण घसरतात. १८ टक्के कर आहे ना, मग रकमेतून १८ टक्के काढून टाकू, असं डोक्यात येतं. पण हा कर मूळ किमतीवर लागलेला असतो, करासकट रकमेवर नाही. २०० रुपयांच्या शाम्पूवर १८ टक्क्यांनी ३६ रुपये लागून २३६ होतात. आता २३६ चे १८ टक्के काढले तर ४२.४८ रुपये येतात आणि मूळ किंमत १९३.५२ दिसते. बरोबर उत्तरासाठी २३६ ला १.१८ ने भागायचं. सीजीएसटी नियमांमधला नियम ३५ हेच सांगतो: करासकट रक्कम गुणिले दर, भागिले १०० अधिक दर, म्हणजे त्यातला कर.

साडेसहा रुपयांचा फरक, एवढं काय त्यात, असं वाटेल. एकाच दराच्या बिलांमध्ये खरंच फार बिघडत नाही, कारण सगळ्या ओळी सारख्याच प्रमाणात चुकतात. आपल्या प्रश्नात मात्र तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे दर वेगळे आहेत. वजाबाकीच्या रीतीने येणारी चूक दराच्या वर्गाइतकी असते: १८ टक्क्यांना ०.१८ गुणिले ०.१८, म्हणजे ३.२४ टक्के आणि ५ टक्क्यांना फक्त ०.२५ टक्के. आता तोच शाम्पू नव्या दराने बघा. दुकानदाराने पूर्ण कपात दिली, मूळ किंमत २०० च ठेवली, तर बिलावर २१० येतील. वजाबाकीवाला म्हणेल २१० वजा ५ टक्के, म्हणजे १९९.५०. त्याच्या शीटमध्ये मूळ किंमत १९३.५२ वरून १९९.५० झाली, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त वाढली! दुकानदाराने एक पैसाही वाढवलेला नाही आणि आपण मात्र त्याने कपात खाल्ली असा निष्कर्ष लिहून मोकळे. शेकडो ओळी घेतल्या तरी हे जाणार नाही, कारण प्रत्येक ओळ एकाच दिशेने चुकते. उलट नमुना मोठा म्हणून आकडा जास्तच विश्वासार्ह वाटायला लागतो.

याच कारणाने दर १३ टक्क्यांनी उतरला म्हणजे बिल १३ टक्क्यांनी उतरायला हवं, हेही खरं नाही. २३६ चे २१० होणं म्हणजे ११ टक्के उतरणं, आणि तीच पूर्ण कपात आहे.

आता शीट. मी एका वस्तूला एक ओळ देतो, एका बिलाला एक ओळ नाही. समजा एकाच बिलात शाम्पू २१०, एलईडी बल्ब ११८ आणि टोमॅटो ६० रुपयांचे, एकूण ३८८. शाम्पू ५ टक्क्यांत, बल्ब १८ मध्ये, ताज्या भाजीला कर नाही. मूळ किंमत २००, १०० आणि ६०, म्हणजे ३६०. नुसत्या ३८८ वरून इथे पोचायचा कुठलाच रस्ता नाही. बिलाच्या शेवटी सूट दिली असेल तर तीही आधी ओळींवर त्यांच्या रकमेच्या प्रमाणात वाटायची, मग भागायचं.

दर हाताने भरत बसू नका. `Rates` नावाचं वेगळं पान करा: पहिल्या रकान्यात वस्तूचा प्रकार, दुसऱ्यात जुना दर, तिसऱ्यात नवा. मुख्य पानावर A मध्ये तारीख, B मध्ये प्रकार, C मध्ये करासकट रक्कम असेल, तर D मध्ये दर आणि E मध्ये मूळ किंमत अशी:

```
D2: =VLOOKUP(B2,Rates!A:C,IF(A2<DATE(2025,9,22),2,3),FALSE)
E2: =C2/(1+D2)
```

शेवटचा `FALSE` गाळू नका. तो नसेल तर शीट जवळपासचा प्रकार उचलते आणि गुपचूप भलताच दर लावते. बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असं वेगळं छापलेलं असेल तर दोन्हींची बेरीज करून एकदाच भागायचं. १.०९ ने दोनदा भागलं तर २३६ चे १९८.६४ येतात, कारण दोन्ही कर एकाच मूळ किमतीवर लागतात, एकावर एक नाही. पैशांपर्यंत पूर्णांक करायचे ते अगदी शेवटी, तक्ता छापताना.

सगळ्यात जास्त त्रास तारीख देते. शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर 05/10/2025 म्हणजे तिच्या लेखी १० मे. आपल्या ५ ऑक्टोबरच्या बिलाला मग जुना १८ टक्के दर लागतो. 25/08/2025 ला तर पंचविसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख नुसता मजकूर म्हणून राहते. मजकूर हा आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे ऑगस्टच्या बिलाला नवा दर लागतो. दोन्हीकडे एररचं चिन्ह येत नाही. ओळखायचं कसं? एका रकान्यात `=ISNUMBER(A2)` टाका आणि `FALSE` आलेल्या ओळी बघा. मग तारखेनुसार लावून सगळ्यात आधीची आणि सगळ्यात नंतरची तारीख पाहा. बिलं जुलैपासून गोळा केली असतील आणि वर मे महिना दिसला, तर समजून जा.

आणखी एक तपासणी हाताशी असते. मोठ्या दुकानांच्या छापील बिलावर करपात्र मूल्य वेगळं दिलेलं असतं. तेवढ्या ओळींसाठी ते एका रकान्यात भरा आणि E शी ताडून बघा. एखाद-दोन पैशांचा फरक पूर्णांक करण्यातून येतो, तो सोडा. फरक रुपयांत असेल आणि तो रकमेच्या सव्वातीन टक्क्यांच्या आसपास फिरत असेल, तर कुणीतरी वजाबाकी केली आहे. प्रकारच चुकला असेल तर फरक त्याहून बराच मोठा येतो.

काही बिलांना मात्र हे भागाकाराचं गणित लागूच नाही. सफाळ्यासारख्या बाजारात नोंदणी नसलेली छोटी दुकानं असतात आणि कंपोझिशन योजनेतले दुकानदारही असतात. कंपोझिशनवाल्याकडे जीएसटी नंबर असतो, पण तो गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही आणि तसं त्याच्या बिलावर लिहिलेलं असायला हवं. नुसता २७ ने सुरू होणारा नंबर पाहून दर लावू नका. या ओळींमध्ये दर ० लिहिणंही फसवं आहे. त्याने घाऊक माल घेताना भरलेला कर त्याला परत मिळत नाही, तो किमतीत मुरलेला असतो आणि बिलावरून तो किती हे कळत नाही. म्हणून अशा ओळींचा दर मी रिकामा ठेवतो, वेगळ्या रकान्यात तशी खूण करतो आणि त्यांची तुलना करासकट किमतींवरच, आपापसात करतो.