वस्तू एकशे दहाच्या, बिल पावणेदोनशेचं

रात्री नऊ वाजता दूध संपल्याचं लक्षात येतं. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवर आपण अर्धा लिटर दूध, सहा अंडी आणि कोथिंबिरीची जुडी निवडतो. दूध ३० रुपये, अंडी ६० आणि कोथिंबीर २०, असे ११० रुपये होतात. पैसे भरायला गेलं की आकडा दिसतो १७४ रुपये ९० पैसे. वस्तूंचे भाव तेच असतात. मग वरचे जवळपास ६५ रुपये कशाचे?

बिलाचा तपशील उघडला की त्यात साधारण तीन ओळी दिसतात. प्रत्येक अ‍ॅपचे दर वेगळे असतात आणि ते सारखे बदलतात, म्हणून इथे उदाहरणापुरते आकडे घेऊ: डिलिव्हरी २५ रुपये, हँडलिंग चार्ज १० आणि स्मॉल कार्ट फी २०. हे झाले ५५. या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचे ९ रुपये ९० पैसे. दुधावर कर नसला तरी ते आणून देण्याच्या सेवेवर आहे. काही अ‍ॅप हा कर आकारातच धरतात, काही वेगळा दाखवतात.

हँडलिंग म्हणजे गोदामात रॅकवरून वस्तू गोळा करणं, पिशवीत भरणं आणि डिलिव्हरीवाल्याच्या हातात देणं. स्मॉल कार्ट फी लहान खरेदीवर लागते. ऑर्डर शंभराची असो वा हजाराची, वस्तू वेचणाऱ्याचा वेळ आणि दुचाकीची फेरी यांचा खर्च फारसा बदलत नाही. शंभराच्या किराण्यात सुटणाऱ्या नफ्यातून तो निघत नाही, म्हणून कंपनी एक मर्यादा ठरवते आणि त्याखालच्या ऑर्डरवर ही फी लावते. हॉटेलचं जेवण मागवताना दिसणारा पॅकिंग चार्ज मात्र सहसा हॉटेलने ठरवलेला असतो.

हा खर्च वस्तूच्या भावातच का धरत नाहीत? एक कारण एमआरपी. पाकीटबंद वस्तू तिच्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येत नाही आणि त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर घरपोच देण्याचा खर्च चढवता येत नाही. तो सेवा म्हणून वेगळा लावावा लागतो. शिवाय बऱ्याच अ‍ॅपवर माल विकणारा वेगळा आणि सेवा देणारी कंपनी वेगळी असते. ऑर्डरनंतर मालाचं बिल एकाच्या आणि या आकारांचं बिल दुसऱ्याच्या नावाने येतं, ते यामुळेच. पण याला धंद्याची बाजूही आहे. ग्राहक दोन अ‍ॅपवरच्या दुधाचे भाव ताडून पाहतो, हँडलिंगचे पाहत नाही. भाव कमी दिसला की तो आत येतो, आणि सामान भरून झाल्यावर दहा-वीस रुपयांसाठी सहसा मागे फिरत नाही.

‘आणखी ८९ रुपयांचं सामान घ्या, स्मॉल कार्ट फी वाचवा’ ही सूचना तिथेच झळकते. हिशेब करून पाहू. खरेदी १९९ झाली आणि ती फी गेली, तर उरलेले ३५ रुपये आणि त्यावरचा कर धरून बिल २४० रुपये ३० पैसे होतं. म्हणजे ८९ रुपयांचा माल ६५ रुपये ४० पैशांत पडला. तूरडाळ उद्या आणायचीच होती, तर हा फायदा खरा. नुसतीच चॉकलेटं घेतली, तर २३ रुपये ६० पैसे वाचवायला आपण ६५ रुपये जादा मोजले.

कायदा या आकारांना मनाई करत नाही; ते लपवायला करतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिच्यासोबत डिलिव्हरी, हँडलिंग, कर यांची फोड दाखवावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार प्रतिबंधित केले. त्यांत ‘ड्रिप प्रायसिंग’ आहे, म्हणजे किमतीचे काही भाग आधी न सांगता पुढे हळूच उघड करणं. न विचारता देणगी किंवा दुसरी एखादी वस्तू बिलात घालणं हा ‘बास्केट स्नीकिंग’चा प्रकारही त्यांत येतो.

म्हणून पैसे भरण्याआधी तपशिलाची ओळ उघडावी आणि टिप किंवा देणगीवर आधीच खूण नाही ना, ते पाहावं. दोन अ‍ॅपची तुलना करायची तर तेच सामान दोन्हीकडे भरून शेवटचा आकडा ताडावा. ‘फ्री डिलिव्हरी’ लिहिलेलं असलं तरी हँडलिंग त्यात धरलेलं असेलच असं नाही. आधी कुठेच न दिसलेला आकार अगदी शेवटी उगवला, तर वस्तूच्या पानाचा आणि अंतिम बिलाचा असे दोन्ही स्क्रीनशॉट ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना दोन आकड्यांमधला फरक हाच आपला पुरावा असतो.