सेहरीनंतरचा रिकामा दिवस

सकाळी नऊच्या सुमारास साकीनाका मेट्रो स्थानकाच्या जिन्यावरून उतरलेली गर्दी चारी दिशांना फुटते. कुणी खैरानी रोडच्या गाळ्यांकडे वळतं, कुणी साकीविहार रोड धरतं, कुणी चांदिवलीच्या ऑफिसांसाठी रिक्षाच्या रांगेत उभं राहतं. प्रत्येकाला कुठे ना कुठे वेळेवर पोहोचायचं असतं. नोकरी गेली की पगार थांबतो, हे सगळ्यांना दिसतं. पण ही 'वेळेवर पोहोचण्याची' गोष्टही त्याच दिवशी जाते आणि तिची चर्चा घरात कुणी करत नाही.

उदाहरणासाठी एक माणूस डोळ्यांसमोर आणू. वय 46. खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात धातूचे सुटे भाग बनत, तिथे तो माल तपासायचा. हातात व्हर्नियर, समोर तयार भागांचा ट्रे, आणि त्याची सही झाल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. मालकाने काम वसईला हलवलं, हिशेब चुकता केला आणि 19 वर्षांची नोकरी एका दुपारी संपली. पहिले पंधरा दिवस तो रोज कुणाला तरी फोन करत होता. मग फोन कमी झाले, झोप वाढली. दोन महिन्यांनी रमजान आला.

रमजानमध्ये घड्याळाला नवं काम मिळतं. पहाटे सेहरी, मग फजरची नमाज, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीह. म्हणजे बेकार माणसाला एक आयता ठरलेला दिवस मिळायला हवा. पण बऱ्याच घरांत उलटंच घडतं. कामावर जाणारा फजरनंतर तासभर पाठ टेकतो आणि उठतो, कारण त्याला जायचं असतं. ज्याला कुठेच जायचं नाही तो सकाळी सहाला झोपतो आणि साडेअकराला उठतो. तरावीहनंतर झोप येत नाही, म्हणून मोबाईल सेहरीपर्यंत चालतो. रोजा पूर्ण होतो, पण दिवसाचा मधला सगळा भाग पोकळ राहतो, आणि त्याच पोकळीत माणूस स्वतःला दोष देत बसतो.

ही पोकळी काय करते, याची सर्वांत नेटकी नोंद जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले आणि 1933 साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाटलं होतं, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभांना जातील. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली. अभ्यासकांनी रस्त्यावर लोकांच्या चालण्याचा वेगही मोजला. पुरुष संथ चालत, मध्येच थांबत. बायका मात्र झपाझप जात, कारण घरातलं काम कुणी काढून घेतलं नव्हतं. दिवसभर काय केलंत, असं विचारल्यावर पुरुषांना उठणं, जेवण आणि झोप यापलीकडे फारसं आठवत नसे. गिरणगावात 1982 च्या संपानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही.

याहोडाने पुढे यातून सांगितलं की नोकरी पगाराखेरीज आणखी काही गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्याहून मोठ्या कामातला वाटा, समाजात एक जागा, आणि हात चालू ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली की या सगळ्या एकदम जातात. म्हणून 'मन खंबीर ठेव' असं सांगून भागत नाही. गेलेल्या गोष्टी एकेक करून, छोट्या मापात परत बांधाव्या लागतात.

तसं बांधण्याची एक पद्धत आपल्या शेजारी, गोव्यात तपासली गेली आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने डॉक्टर विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीनतेच्या रुग्णांवर ती वापरली. सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. साधारण आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी 100 मधले 64 जण उदासीनतेतून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 होतं. हे सगळे रुग्ण बेकार नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पण पद्धतीचा गाभा बेकारीला नेमका लागू पडतो. मन बरं झालं की कामाला लागू, असं आपण म्हणतो. इथे क्रम उलटा आहे. आधी ठरलेलं काम ठरलेल्या वेळी करायचं, मन मागाहून येतं.

आपल्या उदाहरणातला माणूस हे कसं करेल? पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. वहीत दर दोन तासांनी एक ओळ, आणि पुढे शून्य ते दहा असे दोन आकडे. पहिला, काम पार पाडल्याचं समाधान किती. दुसरा, बरं किती वाटलं. आयुष्यभर मापं लिहिलेल्या माणसाला हे जमतं. त्याच्या वहीत असं काही दिसेल: 'सकाळी झोप, 1 आणि 2. मोबाईलवर व्हिडिओ, 0 आणि 3. शेजारच्या खाला मिक्सर घेऊन आल्या, दुरुस्त केला, 7 आणि 5. असरनंतर बायकोबरोबर जरीमरीच्या बाजारात, 3 आणि 5.' आठवड्याअखेर पान पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. सगळे दिवस सारखे वाईट नव्हते. ज्या तासांत कुणीतरी त्याची वाट पाहत होतं, त्या तासांचे आकडे वर आहेत.

दुसऱ्या आठवड्यात फक्त दोन खुंट्या ठोकायच्या. पहिली झोपेची: तरावीहहून आल्यावर मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि फजरनंतर झोपलं तरी आठला उठायचं. दुसरी घराबाहेर पडण्याची: सव्वानऊला, कपडे बदलून. कुठे, हेही आधीच लिहायचं. सोमवारी ओळखीच्या गाळ्यात चौकशी, मंगळवारी वाचनालयात बसून दोन अर्ज, बुधवारी जुन्या सहकाऱ्याची भेट. अवघड काम सकाळी ठेवायचं, कारण रोज्यात दुपारनंतर अंगातली ताकद उतरते. नोकरीचा शोध दोन तास, त्याहून जास्त नाही. दिवसभर अर्ज भरत बसलेला माणूस दिवसभर नकार मोजत बसतो.

जुन्या सहकाऱ्याला भेटायला जाताना पाय सर्वांत जड होतात. इथे पद्धतीत एक युक्ती आहे. निघण्यापूर्वी अंदाज लिहायचा, किती बरं वाटेल. तो लिहितो, 1. परत आल्यावर लिहितो, 5. असे चार-पाच फरक वहीत साठले की उदास मनाचे अंदाज किती कमी निघतात हे त्याचं त्यालाच कळतं. व्हर्नियरमध्ये शून्याचा दोष असतो ना, तसंच. उपकरण फेकायचं नसतं, दोष धरून वाचन घ्यायचं असतं.

सर्वांत नाजूक जागा मात्र स्वतःच्या किमतीची. रमजानच्या शेवटी, ईदच्या नमाजाआधी, ऐपत असलेलं प्रत्येक घर गरिबांसाठी फितरा काढतं, घरातल्या माणशी एक हिस्सा. इतकी वर्षं हा माणूस देणाऱ्यांत होता. यंदा ऐपत नसेल तर त्याच्यावर तो बंधनकारक नाही, हे त्याला ठाऊक असतं. तरी मशिदीत इफ्तारच्या दस्तरखानावर बसताना त्याला वाटतं की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. 'काय चाललंय सध्या?' या प्रश्नाला घाबरून तो घरीच रोजा सोडू लागतो, आणि दिवसातली शेवटची सोबतही तुटते.

या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवलं तर निम्मी भीती जाते. 'गाळा वसईला गेला, मी क्वालिटीचं काम शोधतोय, कुठे कळलं तर सांगा.' तीन छोटी वाक्यं. त्यात खोटं काही नाही, आणि ऐकणाऱ्याला काय करायचं तेही कळतं. दुसरं, दस्तरखानावर बसण्याऐवजी वाढण्याचं काम मागून घ्यायचं. रोज सव्वासहाला पोहोचून खजूर आणि कापलेली फळं ताटांत लावायची. हे काम छोटं असलं तरी त्याला वेळ आहे, ते न झालं तर पन्नास माणसांना कळतं. मिक्सरच्या आकड्यांनी वहीत जे दाखवलं तेच इथेही आहे. हेच काम गणपतीच्या मंडळात किंवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही मिळू शकतं. मात्र सेवेचं काम सकाळच्या दोन तासांवर चढू द्यायचं नाही. दिवसभर मंडळात राबणारा आणि घरी अर्जाचा कागद न उघडणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

घरच्यांचाही यात भाग आहे. 'किती दिवस बसून राहणार?' हे वाक्य वहीतल्या दिवसभराच्या आकड्यांवर पाणी फिरवतं. उलट टोक म्हणजे लाडाने सगळं काम हातातून काढून घेणं, तेही तितकंच वाईट. बायकोने 'सव्वानऊला निघताना रेशनची पिशवी घ्या' असं म्हटलं, तर ते दोन्हींपेक्षा बरं.

हे सगळं कुठे अपुरं पडतं, तेही सांगायला हवं. या वहीने भाडं भरलं जात नाही, मुलाची फी जात नाही. आणि कधी प्रकरण वहीपलीकडे गेलेलं असतं. दोन आठवडे जवळजवळ रोज मन बुडालेलं, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, ठरवलेली छोटी कामंही होत नाहीत, असं असेल तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. रोज्यामुळे थकवा आहे असं समजून हे महिनाभर झाकलं जाऊ शकतं. खूण अशी की रोज्याचा थकवा इफ्तारनंतर उतरतो, हा उतरत नाही. 'मी नसतो तर घरच्यांना बरं झालं असतं' असं कुणी बोललं, तर एक दिवसही थांबायचं नाही आणि त्याला एकटं सोडायचं नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

खरी परीक्षा चांदरातीनंतर असते. ईद होते, शीरखुर्मा संपतो, पाहुणे जातात, आणि महिनाभराचं ते आयतं घड्याळ एका रात्रीत थांबतं. सेहरी नाही, ताटं लावायची नाहीत. म्हणून शेवटच्या दहा रोज्यांत वहीचं पुढचं पान भरून ठेवायचं असतं. आपल्या उदाहरणातल्या माणसाच्या त्या पानावर ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी लिहिलेलं आहे: 'आठला उठणे. सव्वानऊ, असल्फ्याचा गाळा, मालकाला भेटणे. साडेअकरा, खालांच्या बहिणीचा मिक्सर.'